तुरटीच्या सूत्राची बेरीज

गढूळ पाण्यात फिरवायचा किंवा दाढीनंतर गालाला लावायचा तुरटीचा खडा ओळखीचा असला, तरी त्याचे सूत्र पाहून माणूस बिचकतो: KAl(SO₄)₂·12H₂O. हे सूत्र बरोबर आहे की लिहिताना कुठे आकडा चुकला, हे पुस्तक न उघडताही बऱ्याच अंशी तपासता येते. त्यासाठी लागते ती फक्त बेरीज-वजाबाकी.

तुरटी आयनांची बनलेली असते. आयन म्हणजे विजेचा प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. पोटॅशियमने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, म्हणून त्याचा प्रभार +१. ॲल्युमिनियमने तीन गमावलेले असतात, म्हणून +३. सल्फेट हा गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू मिळून झालेला गट. त्याच्याकडे दोन इलेक्ट्रॉन जास्त असतात, म्हणून पूर्ण गटाचा प्रभार −२. तुरटी पाण्यात विरघळली तरी हा गट फुटत नाही, अखंडच फिरतो. म्हणूनच सूत्रात तो कंसात बसवतात, आणि कंसाबाहेरचा २ साऱ्या गटाला लागू होतो.

आता बेरीज करू. पोटॅशियमचा १ आणि ॲल्युमिनियमचे ३, मिळून +४. सल्फेट दोन, प्रत्येकी −२, मिळून −४. एकूण शून्य. पाण्याच्या रेणूंवर प्रभार नसतो, त्यामुळे ते या हिशोबात येतच नाहीत.

कोणी घाईत KAlSO₄ लिहिले, तर +४ समोर फक्त −२ उभे राहतात आणि +२ उरतात. K₂Al(SO₄)₂ लिहिले तर +१ उरतो. दोन्ही सूत्रे तिथल्या तिथे बाद. काही पुस्तकांत तुरटी K₂SO₄·Al₂(SO₄)₃·24H₂O अशी लिहिलेली दिसते आणि वाचणारा गोंधळतो. पण मोजून पाहा: पोटॅशियमचे २ आणि ॲल्युमिनियमचे ६ मिळून +८, सल्फेट एकूण चार, म्हणजे −८. आधीच्या सूत्रातला प्रत्येक आकडा इथे दुप्पट झाला आहे, एवढाच फरक. पदार्थ तोच.

बेरीज शून्यच का यावी? थोडासा प्रभार उरला तर काय बिघडते? एक ग्रॅम मीठ घ्या. त्यातल्या दर दहा लाख क्लोराइड आयनांमागे एकच काढून टाकता आला, अशी कल्पना करा. मागे उरणारा धन प्रभार होईल सुमारे १.६५ मिलीकूलोम. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण असे दोन खडे एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले, तर ते एकमेकांना सुमारे अडीच टन वजनाइतक्या बलाने ढकलतील. दहा लाखांत एकाची तूट ही दशा करते, तर प्रत्येक सूत्रामागे एक प्रभार शिल्लक ठेवणारा खडा टिकेल कसा? स्फटिक तयार होतानाच धन आणि ऋण आयन अशा प्रमाणात बसतात की शिल्लक उरू नये.

मात्र या तपासणीचा भरवसा आपण आयन ओळखण्यावर असतो. Na₂O₂ पाहा. ऑक्सिजनचे दोन सुटे आयन धरले, प्रत्येकी −२, तर बेरीज −२ येते आणि सूत्र चुकीचे वाटते. प्रत्यक्षात हे सोडियम पेरॉक्साइड आहे. त्यात दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या जोडीचा मिळून प्रभार −२ असतो. समोर सोडियमचे +२. सूत्र बरोबरच होते, आपण गट चुकीचा फोडला होता. लोखंडाची अडचण निराळी. त्याचा आयन +२ असतो किंवा +३, म्हणून FeSO₄ आणि Fe₂(SO₄)₃ ही दोन्ही सूत्रे शून्यावर येतात. हातातली पूड हिराकस असेल, तर तिच्यातले लोखंड +२ आहे हे आधी माहीत असावे लागते. बेरीज ते सांगत नाही.

तुरटीतल्या बारा पाण्यांबद्दलही बेरीज गप्पच राहते. बाराच्या जागी दहा लिहिले तरी उत्तर शून्यच. तिथे तराजू लागतो. तुरटी तापवली की ती आधी वितळते, मग पाणी सोडत फुगते आणि पांढरी, सच्छिद्र लाही होते. सूत्राप्रमाणे १०० ग्रॅम तुरटीतून सुमारे साडेपंचेचाळीस ग्रॅम पाणी जायला हवे. वजनातली घट याच्या आसपास आली, तर बारा हा आकडा पटतो.

आणखी एक गोष्ट बेरजेला दिसत नाही. पोटॅशियमच्या जागी अमोनियम असलेली तुरटीही असते: NH₄Al(SO₄)₂·12H₂O. अमोनियमचाही प्रभार +१, त्यामुळे हिशोब अगदी तोच. दिसायलाही दोन्ही खडे सारखेच. त्यांच्यातला फरक कळायला पूड करून ती ओल्या चुन्याबरोबर घोटावी. अमोनियाचा उग्र वास आला तर खडा अमोनियमच्या तुरटीचा, नाही आला तर पोटॅशियमच्या.