म्युनिक की ड्रेस्डेन?

छत्रपती संभाजीनगरची, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली एखादी मुलगी मास्टर्ससाठी जर्मनीला निघाली की घरात पहिलं नाव निघतं म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचं. जागतिक क्रमवारीत ते वरचं, नातेवाइकांनाही ठाऊक. समजा, तिला म्युनिक आणि ड्रेस्डेन अशा दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळाला. अशा वेळी क्रमवारी बाजूला ठेवून आधी महिन्याचा हिशेब मांडावा.

जर्मन व्हिसासाठी वर्षाचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो झाली. तिथं पोचल्यावर त्यातून दरमहा फक्त 992 युरो हातात येतात. म्युनिकमध्ये सामायिक फ्लॅटमधल्या एका खोलीचं भाडं 800 युरोंच्या घरात जातं. सक्तीचा आरोग्यविमा साधारण 140 युरोंचा. उरले पन्नासेक युरो, आणि जेवण अजून व्हायचंच आहे. शिवाय 2024च्या हिवाळी सत्रापासून म्युनिकचं हे विद्यापीठ युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांकडून मास्टर्ससाठी सत्राला 4,000 ते 6,000 युरो शुल्क घेतं. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात असं शिक्षणशुल्क नाही. सत्राला तीनेकशे युरो भरले की प्रवासाचा पासही त्यातच येतो. खोली चारशेच्या आसपास मिळते, म्हणजे भाडं आणि विमा जाऊन साडेचारशे युरो शिल्लक राहतात.

या चारशे युरोंच्या फरकाचं खरं मोल वेळेत आहे. परदेशी विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. म्युनिकमध्ये पहिल्याच महिन्यात पैशांची नड लागते, म्हणून गोदामात किंवा हॉटेलात जे मिळेल ते काम धरावं लागतं आणि संध्याकाळचा जर्मन भाषेचा वर्ग सुटतो. ड्रेस्डेनमध्ये पहिली दोन सत्रं त्या वर्गाला देता येतात. भाषा बऱ्यापैकी जमली की आपल्याच विषयातल्या कंपनीत ‘वर्कस्टुडंट’ म्हणून आठवड्याला वीस तासांपर्यंत काम मिळण्याची शक्यता वाढते. पुढे त्याच कंपनीत प्रबंध आणि त्यातूनच नोकरी, ही तिथली नेहमीची वाट आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो, पण त्या काळातही भाडं भरावंच लागतं.

अर्थात स्वस्त शहरात आपल्या कामाचे कारखाने नसतील तर या हिशेबाला अर्थ नाही. ड्रेस्डेनमध्ये ते आहेत. पूर्व जर्मनीच्या काळातच तिथं मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स रुजलं होतं. नव्वदच्या दशकात सीमेन्स आणि एएमडी आले. त्यांचे कारखाने आज इन्फिनिऑन आणि ग्लोबलफाउंड्रीजकडे आहेत. 2021मध्ये बॉशचा चिप कारखाना सुरू झाला आणि ऑगस्ट 2024मध्ये तैवानच्या टीएसएमसीच्या भागीदारीतल्या कारखान्याची पायाभरणी झाली. एका मालकानं हात आखडला तर दुसरा दार उघडेल, अशी थोडी आशा इथं ठेवता येते. थोडीच, कारण 2009मध्ये किमोंडा ही मेमरी चिपची कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा याच शहरात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

मात्र नुसत्या घोषणेवर शहर निवडू नये. इंटेलनं 2022मध्ये माग्डेबुर्गला प्रचंड कारखाना उभारण्याचं जाहीर केलं, 2024मध्ये तो लांबणीवर टाकला आणि 2025मध्ये रद्द केला. त्या भरवशावर तिथं प्रवेश घेतलेल्याची पदवी वाया जात नाही, पण नोकरीसाठी गाव सोडावं लागतं.

विद्यार्थ्यांची संख्याही दोन्ही बाजूंनी पाहावी लागते. आखेनची वस्ती अडीच लाखांची आणि तिथल्या एका तांत्रिक विद्यापीठातच पंचेचाळीस हजारांच्या आसपास विद्यार्थी. सोबत भरपूर, पण खोली आणि अर्धवेळ काम, दोन्हींसाठी रांग. साडेपाच लाखांच्या ड्रेस्डेनमध्ये तीसेक हजार विद्यार्थी सामावले जातात. इल्मेनाऊसारख्या छोट्या गावात खोली स्वस्त असते, पण अर्धवेळ कामाचे पर्याय मोजकेच.

कुणाला संशोधनात जायचं असेल आणि हवा तो प्राध्यापक म्युनिकमध्येच असेल, तर कर्ज काढूनही म्युनिकच योग्य. भारतात परतायचं असेल तर मोठ्या नावाचा इथं उपयोग होतो, हेही मान्य. ड्रेस्डेनची एक बाजू पालकांना सांगितलीच पाहिजे. ते ज्या सॅक्सनी राज्यात आहे, तिथं 2024च्या निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या एएफडी पक्षाला तीस टक्क्यांवर मतं पडली. त्यामुळे तिथं राहणाऱ्या भारतीय मुलींशी रोजच्या अनुभवाबद्दल मोकळेपणी बोलून घ्यावं.

प्रवेश पक्का करण्याआधी महिनाभर एक काम करावं. जर्मन रोजगार संस्थेच्या संकेतस्थळावर Werkstudent हा शब्द, शहराचं नाव आणि 50 किलोमीटरचा परिघ टाकून दर आठवड्याला जाहिराती वाचाव्यात: आपल्या विषयाच्या किती, किती वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि जर्मन भाषेशिवाय चालणाऱ्या किती. खोल्यांच्या जाहिरातीत Kaltmiete लिहिलेलं असेल तर त्या आकड्यात हीटिंग आणि पाणी धरलेलं नसतं. तुलना Warmmiete या आकड्याचीच करावी.