सव्वातीनला काटे जुळत नाहीत

पोलीस भरतीची चाहूल लागली की पालघर-बोईसरच्या अभ्यासिकांत घड्याळाची गणितं पुन्हा फळ्यावर येतात, आणि पाठोपाठ सूत्रही येतं: तासांची तीसपट आणि मिनिटांची साडेपाचपट यांतला फरक. सूत्र बरोबर आहे. माझा आक्षेप ते नुसतं पाठ करण्यावर आहे. त्यात तासकाट्याची चाल दडून जाते आणि चूक नेमकी तिथेच होते. तारापूर एमआयडीसीत दुपारची पाळी साधारण तीनला सुरू होते, तेव्हा काट्यांत बरोबर काटकोन असतो. पंधरा मिनिटांनी मिनिटकाटा तीनच्या आकड्यावर येतो आणि अनेक जण कोन शून्य लिहून मोकळे होतात. पण तासकाटा तोवर तीनवर थांबलेला नसतो. तो तासाला ३० अंश, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश सरकतो. पंधरा मिनिटांत तो साडेसात अंश पुढे गेलेला असतो आणि तोच कोन.

यावर शिकवणारे म्हणतात, लेखी परीक्षेत नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न. विचार करायला वेळ कुठे आहे? अडचण खरी आहे. पण विचारच इथे वेळ वाचवतो. मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश चालतो, तासकाटा अर्धा. म्हणजे दोघांतलं अंतर दर मिनिटाला साडेपाच अंशांनी बदलतं. एवढं उमगलं की उलटा प्रश्नही सुटतो. तीननंतर काटे एकमेकांवर कधी येतील? मिनिटकाटा ९० अंश मागे आहे. ९० भागिले साडेपाच, म्हणजे १६ पूर्णांक ४/११ मिनिटं. सव्वातीननंतर सुमारे एक मिनिट बावीस सेकंदांनी काटे जुळतात. पुढचा काटकोन होण्यासाठी ९० अंशांची पिछाडी भरून ९० अंशांची आघाडी घ्यावी लागते: १८० भागिले साडेपाच, ३२ पूर्णांक ८/११ मिनिटं.

याच साडेपाचातून उत्तर पारखण्याची एक खूण मिळते आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. मिनिटं विषम असतील तर कोनात अर्धा अंश असलाच पाहिजे. सम असतील तर कोन पूर्ण अंशांचाच. सव्वातीनला शून्य हा पर्याय म्हणूनच वाचताक्षणी बाद करता येतो. मात्र रात्री अकरा वाजून दहा मिनिटांचा प्रश्न घ्या. बारापासून मोजलं तर मिनिटकाटा ६० अंशांवर, तासकाटा ३३० अधिक ५, म्हणजे ३३५ वर. वजाबाकी २७५ येते आणि पर्यायांत ती हमखास दिलेली असते. काट्यांमधला कोन विचारला की लहान बाजूचा घ्यायचा, म्हणून ३६० मधून २७५ वजा करून ८५. दोन्ही आकडे पूर्ण असल्याने वरची खूण इथे काहीच सांगत नाही. तबकडीचं चित्र काढून काटे बाराच्या दोन बाजूंना आहेत हे पाहावंच लागतं.