ताटामागे डाळ किती, तेल किती?

‘कॅन्टीनचं जेवण जरा हेल्दी करा’ अशी मेल कॅन्टीन मॅनेजरला अधूनमधून येतच असते. उत्तरही ठरलेलं असतं, ‘आपली सूचना नोंदवून घेतली आहे.’ पुढच्या सोमवारी काउंटरवर काकडी-टोमॅटोची एक परात जास्त दिसते आणि विषय तिथेच मिटतो. मॅनेजर आळशी असतो असं समजायचं कारण नाही. कोठीतून माल किती निघाला, ताटं किती उठली आणि ताटामागे खर्च किती पडला, या हिशेबावर त्याचा दिवस चालतो. ‘हेल्दी’ या शब्दाला त्या हिशेबात जागा नाही. ‘ताटामागे १५ ग्रॅम डाळ वाढवता येईल का?’ या प्रश्नाला आहे. जास्त प्रथिनं आणि कमी तेल हवं असेल, तर मेल ग्रॅममध्येच लिहिलेली बरी.

एक उदाहरण घेऊ. रोज तीनशे ताटं लावणारं पुण्याकडचं एखादं शाकाहारी कॅन्टीन. ताटात तीन पोळ्या, भात, वरणाची वाटी, एक सुकी भाजी, एक रस्सा, कोशिंबीर. पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर तीन पोळ्यांत साधारण ९ ग्रॅम प्रथिनं येतात. कच्चा ६० ग्रॅम तांदूळ म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ असते जेमतेम १५ ग्रॅम, म्हणजे ३ ग्रॅम प्रथिनं. भाज्यांचे दोन. एकूण १९ ग्रॅम.

आता आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था काय म्हणतात ते पाहू. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी होतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. त्याचा तिसरा हिस्सा दुपारी मिळावा म्हटलं, तर १८ ग्रॅम. आपल्या ताटात तर १९ आहेत! इथेच बऱ्याच मेल फसतात. ‘जेवणात प्रथिनंच नाहीत’ असं लिहिलं की कंत्राटदाराचा आहारतज्ज्ञ हाच हिशेब पुढे ठेवतो आणि लिहिणारा गप्प होतो.

दुखणं वेगळं आहे. १९ पैकी १४ ग्रॅम गहू-तांदळातून आलेत. धान्याच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं आणि ती उणीव डाळी-कडधान्यं भरून काढतात. म्हणूनच ०.८३ चा आकडा धान्याला डाळ-दुधाची पुरेशी जोड असलेल्या जेवणासाठी आहे. नुसत्या धान्यावर भिस्त असेल, तर गरज वाढते. याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० उष्मांकांच्या दिवसासाठी जे नमुना-ताट दिलंय, त्यात २५० ग्रॅम धान्याला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत, म्हणजे तिनास एक. आपल्या कॅन्टीनच्या ताटात १५० ग्रॅम धान्याला १५ ग्रॅम डाळ आहे, दहास एक. मेलमध्ये मांडायचा मुद्दा हाच.

वरण पातळ का होतं? कॅन्टीनच्या करारात पदार्थांचं ग्रॅमेज लिहिलेलं असतं, पण ते बहुधा शिजलेल्या पदार्थाचं. ‘डाळ : १५० मिली.’ त्या दीडशे मिलीत डाळ किती आणि पाणी किती, यावर करार मूग गिळून असतो. तूरडाळ महागली की वाटी तेवढीच भरते, फक्त तळाची नक्षी दिसू लागते. त्यामुळे मागणी करायची ती कोरड्या डाळीच्या वजनाची. ती तपासणंही सोपं आहे. कोठीतून निघालेली डाळ भागिले ताटं. तीनशे ताटांना साडेचार किलो तूरडाळ निघत असेल, तर माणशी १५ ग्रॅम झाली, आणि नऊ किलो निघाली तर ३०.

तेलाचं मोजमाप तर त्याहून सोपं. तेल येतं १५ किलोच्या डब्यात, तेव्हा डबा किती दिवस पुरतो एवढंच विचारायचं. तीनशे ताटांना दोन दिवस पुरत असेल, तर ताटामागे २५ ग्रॅम तेल पडतं. वडे-भज्यांचा दिवस मात्र यातून वगळावा. तळून कढईत उरलेलं तेल खाल्लेल्या तेलात मोजलं जातं आणि हिशेब बिघडतो.

आपल्या उदाहरणात तेलाची वाटणी अशी धरू : सुक्या भाजीत ८ ग्रॅम, रश्श्यात १०, वरणाच्या फोडणीत ३ आणि तीन पोळ्यांवर मिळून ६. झाले २७ ग्रॅम. नमुना-ताटात अख्ख्या दिवसाला २७ ग्रॅमच तेल आहे. सकाळचे पोहे आणि रात्रीचं जेवण अजून बाकीच आहे.

आचारी एवढं तेल हौसेने ओतत नाही, हेही समजून घ्यायला हवं. साडेअकराला झालेली भाजी दोन वाजेपर्यंत गरम ठेवायची असते. तेल कमी असेल तर ती वरून सुकते आणि ‘आज भाजी कोरडी होती’ अशी तक्रार येते. पोळीला तेल लावलं नाही तर ती डब्यात वातड होते. तर्री नसलेला रस्सा गरिबाचा वाटतो. शिवाय कांदा-खोबऱ्याचं वाटण परतायला तेल लागतंच. ते फार तोडलं तर मसाला कच्चा राहतो आणि बुडाला लागतो. म्हणून ‘तेल निम्मं करा’ असा हुकूम पाठवला, तर आठवड्यात सगळं पूर्वपदावर येतं. आधी डब्यातून थेट ओतणं थांबवून मापाची पळी आणावी. भाजी एकदम न करता दोन घाण्यांत करावी, म्हणजे दुसरा घाणा एक वाजता ताजा येईल आणि ओलावा टिकवायला वरचं तेल लागणार नाही. एवढ्याने सुकी भाजी ५ ग्रॅमवर, रस्सा ६ वर आणि फोडणी २ वर आणता येते. पोळ्या दोन घेतल्या आणि प्रत्येकीला एक ग्रॅम तेल लावलं, तर ताट १५ ग्रॅममध्ये बसतं. डबा मग तीन दिवसांहून जास्त पुरतो.

वाचलेल्या तेलातून डाळ येते, आणि या मेलची खरी ताकद तिथे आहे. तेल दीडशे रुपये किलो आणि तूरडाळ एकशेवीस धरू (आपल्या बाजारातले भाव घालून पाहा). बारा ग्रॅम तेल वाचलं म्हणजे १ रुपया ८० पैसे. पंधरा ग्रॅम डाळ वाढली म्हणजे तेवढेच. ताटाचा दर जिथल्या तिथे.

आठवड्यातून दोनदा रस्सा काढून मटकीची किंवा मुगाची उसळ ठेवली, तर पुढचा टप्पा गाठता येतो. माणशी ३० ग्रॅम कोरडी मटकी म्हणजे ६ ग्रॅम प्रथिनं. दाट वरणातून साडेसहा, दोन पोळ्यांतून सहा, भातातून पाच आणि भाजीतला एक. एकूण २४ च्या पुढे, आणि त्यातली निम्मी डाळी-कडधान्यांतून. मोड आणल्याने प्रथिनं वाढतात हा मात्र गैरसमज आहे. मोडांमुळे पचन सुधारतं, लोह शरीराला जास्त लागू पडतं, पण वाटीतली प्रथिनं भिजत घातलेल्या दाण्यांइतकीच राहतात.

उसळीची अडचण स्वयंपाकघराची असते. तीनशे जणांना नऊ किलो मटकी लागते. ती आठ-दहा तास भिजवायची, मग तेवढाच वेळ बांधून ठेवायची. थंडीत मोड उशिरा येतात, तर दमट उकाड्यात दाणे चिकट होतात, तार सुटते आणि आंबूस वास येतो. तसा वास आला तर तो माल टाकून द्यावा लागतो. त्यामुळे गुरुवारची उसळ बुधवारी सकाळी भिजलेली हवी. मेलमध्ये हे लिहिलंत, तर लिहिणाऱ्याला स्वयंपाकघर कळतं हे मॅनेजरच्या ध्यानात येतं.

दोन सापळे टाळावेत. पहिला पनीरचा. ‘प्रोटीन द्या’ म्हटलं की काउंटरवर पनीर बटर मसाला अवतरतो. साठ ग्रॅम पनीरमधून ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात खरी, पण जवळपास तेवढीच चरबी येते आणि वर ग्रेव्हीचं तेल. दुसरा सापळा ‘प्रोटीन थाळी’ नावाच्या महागड्या वेगळ्या काउंटरचा. त्याने रोजचं ताट होतं तसंच राहतं. अंडी चालत असतील तिथे उकडलेलं अंडं हा स्वस्त उपाय आहे, एकात सहा ग्रॅम. पण त्याचं भांडं आणि जागा वेगळी लागते, तेव्हा ती मागणी पहिल्या मेलमध्ये न घातलेली बरी.

आता मेल. विषयाच्या ओळीपासून अशी लिहिता येईल :

‘विषय : दुपारच्या ताटात डाळ वाढवणे व तेल कमी करणे – चार आठवड्यांचा प्रयोग.

मॅनेजर साहेब, नमस्कार.

दुपारच्या जेवणाबद्दल एक प्रस्ताव आहे. ताटाचा दर वाढणार नाही असा हिशेब सोबत जोडला आहे. मंगळवार आणि गुरुवार हे दोन दिवस चार आठवडे पुढील बदल करून पाहता येतील का? १) वरणात माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ. २) रश्श्याऐवजी मोडाची उसळ, माणशी ३० ग्रॅम कोरडं कडधान्य. ३) मापाच्या पळीने तेल, ताटामागे १५ ग्रॅमपर्यंत. पोळी आणि भात हवा तेवढा मिळावा, त्यात कपात नको.

आधी एक माहिती हवी आहे : सध्या या दोन दिवशी कोठीतून डाळ आणि तेल किती निघतं आणि ताटं किती होतात? प्रयोगाच्या दिवशी ताटातलं उष्टं आणि भांड्यात उरलेलं अन्न वेगवेगळं तोलावं. त्यासाठी आम्ही दोघे जण पाळीपाळीने थांबू.

आचारी मंडळींशी आधी बोलता आलं तर बरं होईल. आपल्या सोयीची वेळ कळवावी.’

एवढं पुरे. पोळी-भाताचं वाक्य मात्र गाळू नका. त्याच कॅन्टीनमध्ये गोदामातले हमाल, सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारीही जेवतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं ताट त्यांच्यावर लादलं, तर ते उपाशी उठतील. उष्टं आणि उरलेलं वेगळं तोलायचं, कारण ताटात उसळ राहिली तर चव चुकली आणि भांड्यात राहिली तर अंदाज चुकला. दोन्हींवरचा इलाज वेगळा.

मेल मॅनेजरला आणि प्रत कॅन्टीन समितीला पाठवावी. अख्ख्या ऑफिसला प्रत पाठवली की प्रस्तावाची तक्रार होते आणि मॅनेजर बचावाच्या पवित्र्यात जातो. वेळही पाहावी. कंत्राटाचं नूतनीकरण जवळ आलं असेल, तर प्रयोगाचे आकडे त्याआधी हाती हवेत. नव्या करारात ‘डाळ १५० मिली’च्या जागी ‘कोरडी डाळ ३० ग्रॅम’ असं लिहून घ्या. करारात नसलेली डाळ भाव वाढले की पहिल्यांदा कमी होते.