न पाहिलेल्या घरी परतणारी पिढी

जानेवारी १९७६. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या डोंगरात, सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, कॅनडाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट धापा टाकत बसले होते. समोरच्या ओयामेल वृक्षांची खोडं आणि फांद्या मोनार्क फुलपाखरांनी झाकून गेल्या होत्या. त्यांच्या भाराने एक फांदी मोडून खाली आली. तिच्यावरची फुलपाखरं पाहताना अर्कहार्टना एका पंखावर कागदाची चिकटपट्टी दिसली. ती आदल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात, त्यांच्याच स्वयंसेवकांनी लावलेली होती. उत्तरेची फुलपाखरं हिवाळ्यात कुठे जातात, याचा शोध अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा कित्येक दशकं घेत होते. उत्तर त्या पट्टीवर मिळालं.

पण खरा पेच इथूनच सुरू होतो. मिनेसोटाचं ते फुलपाखरू या डोंगरात आधी कधीच आलेलं नव्हतं. त्याचे आईबापही नाहीत आणि बहुधा आजीआजोबाही नाहीत.

मार्चमध्ये ही फुलपाखरं मेक्सिको सोडतात आणि टेक्सासच्या आसपास पोचली की मिल्कवीड या चिकाच्या झाडावर अंडी घालून मरतात. आपल्याकडची रुई याच कुळातली, आणि रुईवर अंडी घालणारं ‘प्लेन टायगर’ हे मोनार्कचं सख्खं भावंड. मिल्कवीडचा विषारी चीक पिऊन सुरवंट स्वतः विषारी होतो, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो. ही नवी पिढी आणखी उत्तरेला सरकते, अंडी घालते, मरते. मग तिची मुलं, मग नातवंडं. मोठं झाल्यावर त्यांना जेमतेम दोन ते सहा आठवड्यांचं आयुष्य मिळतं. असं टप्प्याटप्प्याने हे कुटुंब कॅनडाच्या दक्षिण भागापर्यंत पसरतं.

ऑगस्टच्या अखेरीस कोषातून बाहेर पडणारी पिढी मात्र वेगळी निघते. दिवस लहान होत असतात, रात्री गार होतात, मिल्कवीड सुकायला लागतं. या खुणांमुळे तिच्या शरीरातलं प्रजननाला चालना देणारं संप्रेरक कमी राहतं. ती जोडीदार शोधत नाही. फुलांचा रस पिऊन चरबी साठवते आणि दक्षिणेची वाट धरते. जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा हा जीव आठ-नऊ महिने जगतो, म्हणजे पणजोबांच्या कित्येक पट.

वाट कशी सापडते? सूर्यावरून. पण सूर्य तर दिवसभर सरकतो. सकाळी नऊला नैऋत्येकडे जायचं तर तो पाठीशी डावीकडे हवा, दुपारी तीनला समोर. म्हणजे होकायंत्राबरोबर घड्याळही हवं. २००२मध्ये हेन्रिक मोरित्सेन आणि बॅरी फ्रॉस्ट यांनी फुलपाखरं तारेला अडकवून, खालून वारा सोडून जागच्या जागी उडवली आणि ती कुठे तोंड करतात ते नोंदवलं. काहींना आधी खोलीत ठेवून दिव्यांच्या वेळा सहा तासांनी पुढे सरकवल्या होत्या. त्यांना सकाळचा सूर्य दुपारचा वाटला आणि त्यांनी नैऋत्येऐवजी आग्नेयेकडे मोहरा वळवला.

हे घड्याळ मेंदूत असेल अशी सर्वांची समजूत होती. २००९मध्ये स्टीव्हन रेपर्ट यांच्या गटाने फुलपाखरांच्या मिशांना काळा रंग लावला. ती सरळ उडाली, पण भलत्याच दिशेला. पारदर्शक रंग लावलेल्यांची दिशा चुकली नाही. म्हणजे दिशेसाठी लागणारं घड्याळ मिशांमध्ये आहे, आणि त्याला उजेड लागतो! माझ्या मते हा या साऱ्या संशोधनातला सर्वांत देखणा प्रयोग आहे, कारण त्याला रंगाची डबी पुरली.

दिशा उलटी कशी होते, हे याच गटाने २०१३मध्ये दाखवलं. शरद ऋतूत पकडलेली फुलपाखरं चोवीस दिवस डोंगरातल्याइतक्या गारठ्यात ठेवली, तेव्हा ती उत्तरेकडे उडू लागली. ज्यांना गारठा मिळाला नाही, ती मार्च उजाडला तरी दक्षिणेकडेच उडत राहिली. म्हणजे ओयामेलच्या जंगलातली थंडी त्यांना परतीची दिशा देते. ती थंडी बेताचीच हवी, हेही तितकंच खरं. जानेवारी २००२मध्ये पावसात भिजलेल्या थव्यांवर कडाक्याची थंडी पडली आणि मुख्य वसाहतींमधली सुमारे तीन चतुर्थांश फुलपाखरं मेली. दाट झाडी असली तर फुलपाखरं कमी भिजतात आणि ऊबही टिकते, म्हणून तिथली विरळ तोडही घातक ठरते.

नेमक्या त्याच मोजक्या डोंगरांवर ती कशी उतरतात, हे कोडं मात्र शास्त्रज्ञांना अजून सुटलेलं नाही. दरम्यान अमेरिकेच्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात तणनाशकांनी शेतातलं मिल्कवीड जवळपास संपवलं. हिवाळ्यात फुलपाखरांची शिरगणती करता येत नाही, त्यांनी व्यापलेलं जंगल मोजतात. १९९६-९७च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टर होतं. २०२३-२४मध्ये ०.९ हेक्टर भरलं, आणि पुढच्या वर्षी १.७९.