जड वजन सावकाशच का उचललं जातं?

बेंच प्रेस करणाऱ्याकडे जरा लक्ष देऊन पाहा. रिकामा २० किलोचा बार छातीवरून झपकन वर जातो. मग दोन्ही बाजूंना चकत्या चढत जातात आणि बारचा वेग उतरत जातो. एकदाच कसाबसा उचलता येईल एवढं वजन झालं की बार सेकंदाला जेमतेम १५-२० सेंटिमीटर सरकतो. दात-ओठ खाऊन जोर लावला तरी तो त्याहून जलद जात नाही.

शाळेत न्यूटन शिकलेला माणूस म्हणेल, यात नवल काय? वस्तू जड, म्हणून तिला गती द्यायला वेळ लागणार. हे खरं आहे, पण अर्धंच. दुसरं अर्धं कारण वजनात नसून स्नायूत आहे. आखडण्याचा वेग वाढला की स्नायूची ओढण्याची ताकदच कमी होते.

हे मोजून दाखवलं ते ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी. १९३८ साली त्यांनी बेडकाच्या मांडीचा एक चपटा, लांबट स्नायू घेतला, तो शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवला, त्याचं टोक एका हलक्या तरफेला जोडलं आणि विजेचे झटके देऊन तो आखडवला. दर वेळी तरफेला वेगळं वजन लावायचं आणि वेग टिपायचा. वजन आणि वेग यांचा आलेख काढला, तर सरळ रेष आली नाही. आला तो आत खोल वाकलेला वक्र.

या वाकण्याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा, एखादा स्नायू जास्तीत जास्त १०० किलो नुसतं तोलून धरू शकतो. तिथे त्याचा वेग शून्य. काहीच ओझं नसताना त्याचा जो वेग असेल त्याला १०० टक्के म्हणू. आता ५० किलो लावले तर वेग निम्मा मिळेल असं वाटतं. हिल यांच्या समीकरणात बेडकाच्या स्नायूचे नेहमीचे आकडे घातले, तर मिळतो फक्त १७ टक्के. ३० किलोला सुमारे ३२ टक्के, १० किलोला ६४ टक्के. म्हणजे पहिल्या थोड्याशा ओझ्यानेच वेगाचा मोठा लचका तुटतो. बल आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि ती सर्वांत जास्त भरते ३० किलोच्या आसपास. सायकलचे गिअर हेच साधतात. चढ आला की आपण हलका गिअर टाकतो, तो पायांचा वेग या सोयीच्या पट्ट्यात राहावा म्हणून.

पण ताकद घटते का? सुरुवातीला हिल यांना वाटलं होतं की स्नायू आतून चिकट आहे आणि जोरात आखडताना घर्षणात बल वाया जातं. तसं असतं, तर स्नायूने एका आकुंचनात सोडलेली एकूण ऊर्जा ठरलेलीच राहिली असती, फक्त वाया जाणारा वाटा कमीजास्त झाला असता. १९२३ मध्ये हिल यांच्याच प्रयोगशाळेत काम करताना वॉलेस फेन यांना उलटंच दिसलं. वजन उचलणारा स्नायू, नुसता ताणून धरलेल्या स्नायूपेक्षा जास्त ऊर्जा सोडतो. काम पाहून तो खर्च वाढवतो. चिकटपणाची कल्पना तिथेच डळमळली.

खरं उत्तर मिळायला १९५०चं दशक उजाडलं. स्नायूत मायोसिनचे जाड आणि अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू एकमेकांवरून सरकतात. मायोसिनची असंख्य मुंडकी अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढची जागा पकडतात. विहिरीतून पोहरा शेंदताना हात आळीपाळीने दोर पकडतात तसंच. दोर सावकाश सरकत असेल तर पकड घट्ट बसते. तो भराभर सरकू लागला की पकडेपर्यंतच तो पुढे गेलेला असतो. अँड्र्यू हक्सली यांनी १९५७ मध्ये हे गणितात मांडलं. वेग वाढला की कोणत्याही क्षणी चिकटलेली मुंडकी कमी असतात, आणि ज्यांना वेळेत सुटता येत नाही ती उलट गतीला मागे खेचतात. जड वजन पेलायला एकाच वेळी पुष्कळ मुंडकी चिकटलेली हवीत, आणि ती सरकणं सावकाश असेल तरच मिळतात.

हाच आलेख शून्य वेगापलीकडे नेला, म्हणजे स्नायू ताणला जात असताना जोर लावला, तर बल घटत नाही. ते तोलून धरण्याच्या कमाल ताकदीच्याही वर जातं. म्हणून जे वजन वर नेता येत नाही, ते सावकाश खाली आणता येतं. मात्र सवय नसलेल्या स्नायूंना असा ताण बाधतो. सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरण्याने. तेव्हा पहिल्यांदाच गडावर जाणार असाल, तर उतरताना धावू नका, आणि आधी काही दिवस जिने उतरण्याचा सराव करा.