‘हेड’ म्हणजे खोली नव्हे

पाणबुडी पंपाचा इंग्रजी कॅटलॉग तालुक्याच्या विक्रेत्यांसाठी मराठीत करायला घेतला की पहिली पानं भराभर उरकतात. अनुवादकाची खरी परीक्षा तक्त्यांत होते, आणि त्यातही ‘हेड’ या एका रकान्यात.

हेडचं ‘डोकं’ करण्याचा विनोद सहज पकडला जातो. ‘खोली’ हे भाषांतर मात्र बरोबर वाटतं, म्हणूनच ते जास्त महागात पडतं. हेड म्हणजे पंप चालू असताना बोअरमध्ये स्थिरावलेल्या पाण्यापासून पाणी जिथे पडतं तिथपर्यंतची उंची, अधिक पाइपातल्या घर्षणाची भर. समजा, बोअर 300 फूट आहे. पंप चालू असताना पाणी 150 फुटांवर राहतं, टाकी जमिनीपासून 20 फूट उंच आहे आणि घर्षणाचे 10 फूट धरले. हेड झालं 180 फूट, म्हणजे सुमारे 55 मीटर. रकान्यावर ‘खोली’ लिहिलेली असेल, तर विक्रेता 300 फूट धरून 91 मीटरचा पंप देईल. गिऱ्हाइकाचे पैसे जास्त जातील ते वेगळेच. शिवाय इतक्या कमी हेडवर हा पंप गरजेपेक्षा जास्त पाणी फेकेल, मोटरवर भार येईल आणि झरा कमी असेल तर बोअर कोरडी पडेल.

म्हणून जाणता अनुवादक ‘हेड’च ठेवतो. विक्रेते आणि वायरमन तोच शब्द बोलतात. तक्त्याखाली तो हिशेबाचं वरचं उदाहरण देतो आणि मीटरशेजारी फुटांचा रकाना जोडतो.

मॉडेल क्रमांकाला तर हातच लावायचा नाही. एखाद्या कंपनीचा क्रमांक `6-5-08` असेल, तर त्याचा अर्थ 6 इंची बोअर, 5 एचपी, 8 स्टेज असा असू शकतो. तो ‘६-५-०८’ असा छापला आणि विक्रेत्याने ऑर्डर तशीच टाइप केली, तर कंपनीच्या संगणकाला तो सापडेलच असं नाही. एक्सेलमध्ये घोटाळा वेगळाच होतो: हाच क्रमांक तारीख समजून 6 मे 2008 होऊन बसतो. त्यामुळे आकडे भरण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा लागतो.

छपाईआधी दोघांनी बसून तपासणी करायची. एकाने मूळ ओळ वाचायची, दुसऱ्याने मराठी ओळीवर बोट ठेवायचं. सरकलेला रकाना ओळखायची एक सोपी खूण आहे. एकाच पंपाचं हेड वाढलं की पाणी घटलंच पाहिजे: 40 मीटरला मिनिटाला 280 लिटर, 55 ला 200, 70 ला 100. मधेच एखाद्या ओळीत पाणी वाढलेलं दिसलं, तर मूळ तक्ता पुन्हा उघडायचा.