चार दिव्यांचा डॅशबोर्ड

छोट्या मालवाहू पिकअपच्या किंवा तीनचाकीच्या डॅशबोर्डवर स्पीडोमीटर आणि डिझेलचा काटा सोडला, तर सांगण्यासारखे फार काही नसते. ऑइलचा लाल दिवा, बॅटरीचा लाल दिवा, हँडब्रेकचा दिवा, अप्परचा निळा दिवा. तीनचाकीत न्यूट्रलचा हिरवा. 2005 साली आलेल्या आणि ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसनंतर अशा गाड्या गावोगाव पोहोचल्या. यांतला प्रत्येक दिवा गाडीतल्या एकाच ठिकाणची एकच गोष्ट पाहतो. दिव्यावरचे चित्र मात्र त्याहून बरेच मोठे काहीतरी सुचवते आणि फसगत होते ती तिथेच.

ऑइलच्या दिव्यावर तेलाच्या झारीचे चित्र असते, त्यामुळे तो इंजिनातले ऑइल किती उरले ते सांगतो असे वाटते. खरे तर तो पातळी पाहतच नाही. ऑइल पंपातून बेअरिंगकडे जाणाऱ्या वाटेवर इंजिनाच्या अंगात एक लहान स्विच बसवलेला असतो. तिथला दाब साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेला की हा स्विच दिव्याची वायर इंजिनाच्या धातूला, म्हणजे अर्थला जोडतो आणि दिवा लागतो. दाब वाढला की जोड तुटतो, दिवा विझतो. वेगात चालणाऱ्या धडधाकट इंजिनात हा दाब साधारण 2 ते 4 बार असतो. म्हणजे भरल्या गाडीला चढावर 3 बार हवे असताना तिथे 1 बारच उरला, तरी दिवा विझलेलाच राहतो. तो पेटतो तेव्हा बेअरिंगपर्यंत तेल जवळजवळ पोहोचतच नसते. चालत्या गाडीत हा दिवा लागून राहिला तर पुढचा पंप किंवा गॅरेज गाठायचा प्रयत्न करू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करणे एवढेच हाती असते, कारण क्रँकची बेअरिंग खराब व्हायला काही मिनिटेही पुरतात.

ऑइल कमी झाले तरी पंपाचे तोंड तेलात बुडालेले असेपर्यंत दाब टिकतो, म्हणून दिवा गप्प असतो. उतारावर, वळणावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर तेल एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. ही लुकलुक पातळी कमी असल्याची खूण आहे. दुसरी लुकलुक निराळी: सकाळी काही नाही, पण दुपारी तापलेल्या इंजिनाच्या आयडलिंगला दिवा मिणमिणतो आणि रेस दिली की विझतो. तापून पातळ झालेले तेल झिजलेल्या बेअरिंगच्या फटींतून लवकर निसटते आणि हळू फिरणाऱ्या पंपाला तेवढा दाब धरता येत नाही. अशा वेळी आयडलिंग वाढवून दिवा विझवणारे मिस्त्री भेटतात. त्याने दिवा जातो, झीज राहते. आधी सपाट जागी कांडी काढून पातळी पाहावी. ती ठीक असेल तर स्विच काढून त्या जागी दाबाचा गेज लावावा. दाब पुरेसा निघाला तर दोष स्विचचा, नाहीतर इंजिनाचा.

दिवा न लागणे ही वेगळीच अडचण. चावी फिरवून इंजिन चालू न करता पाहिले, तर ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागलाच पाहिजे. ऑइलचा लागला नाही, तर स्विचची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावे. आता लागला तर स्विच बिघडलेला, तरीही नाही लागला तर बल्ब गेलेला किंवा वायर तुटलेली. यांतल्या कोणत्याही कारणाने दिवा मुका झाला की डॅशबोर्ड एरवीपेक्षा शांत दिसतो आणि जुनी गाडी बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो आवडतोही.

बॅटरीचा दिवा बॅटरीची तब्येत सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या जोडणीत या दिव्याचे एक टोक चावीमार्गे बॅटरीला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. दोन्हीकडचे व्होल्टेज सारखे झाले की दिवा विझतो. सेल खराब झालेली बॅटरीही त्याला चालते, आणि रेग्युलेटर बिघडून 14 ऐवजी 16 व्होल्ट येऊ लागले तरी अशा गाडीत तो बहुधा विझलेलाच राहतो. तेव्हा बॅटरीतले पाणी लवकर आटणे आणि हेडलाइटचे बल्ब वारंवार उडणे यांवरूनच शंका घ्यावी लागते. बऱ्याच तीनचाकींत हा दिवाच नसतो. तिथे मलूल हॉर्न आणि आयडलिंगला मंदावणारा हेडलाइट हीच खूण.

या दिव्याचा खरा उपयोग दुसऱ्याच कामी येतो. समजा, भिवंडीहून माल भरून नाशिककडे निघालेल्या डिझेल पिकअपचा कसारा घाटात पट्टा तुटला. अल्टरनेटर थांबतो आणि बॅटरीचा दिवा लागतो. दिवसाची वेळ, हेडलाइट बंद, आणि यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरज नसते. तेव्हा इगतपुरीला बघू, असा हिशेब चालक करतो. पण अनेक छोट्या इंजिनांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. रेडिएटरचे पाणी जागच्या जागी थांबते, चढावर इंजिन झपाट्याने तापते आणि पाणी उकळून टाकीच्या झाकणातून बाहेर पडते. तापमान पाहणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच बरोबर सांगतो. भोवतीचे पाणी निघून गेले की तो वाफेत उघडा पडतो आणि तापलेल्या इंजिनातही काटा खाली येऊ शकतो. चालकाला वाटते, इंजिन थंड झाले. तोवर हेड गॅस्केट जळलेले असते. म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा अचानक लागला, तर आधी थांबून पट्टा बघावा.

ब्रेकच्या दिव्यामागे बहुतेक पिकअपमध्ये दोन गोष्टी असतात: हँडब्रेकचा स्विच आणि ब्रेक ऑइलच्या डबीतला तरंगणारा फ्लोट. दोन्ही एकाच दिव्याला जोडलेले असल्याने हँडब्रेक सोडूनही दिवा लागला, तर डबी पाहावी. वळणावर तो लुकलुकला तर ऑइल फ्लोटच्या खुणेपाशी आलेले असते. नुसते वरून ऑइल भरले तर दिवा जातो, गळती तशीच राहते. म्हणून चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते बघायला हवे. डिस्कचे पॅड झिजतात तसे ऑइल थोडे खाली जाते. हाताने ॲडजस्ट करायच्या ड्रम ब्रेकचे लायनर झिजले तर मात्र डबीतली पातळी फारशी हलत नाही, पेडल खोल जाऊ लागते एवढेच. लाइनमध्ये शिरलेली हवा आणि लांब उतारावर तापून ढिले पडलेले ब्रेक हे या दिव्याच्या नजरेबाहेरचे. त्यांची बातमी पायाखालचे पेडल देते.

निळा दिवा अप्परला वीज मिळते आहे एवढेच सांगतो, पुढचे दोन्ही बल्ब पेटलेत की नाही ते नव्हे. इंडिकेटरचा हिरवा दिवा नेहमीपेक्षा भराभर लुकलुकू लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असण्याचा संभव जास्त.

एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस 6 नियमांनंतरच्या गाड्यांत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवाही असतो. चित्र अख्ख्या इंजिनाचे असले तरी तो मुख्यतः धुरावर परिणाम करणारे दोष पाहतो: सेन्सर, इंधनाचे प्रमाण, ज्वलन, सायलेन्सरमधली शुद्धीकरणाची यंत्रणा. ऑइलची पातळी, पट्टा किंवा झिजलेला क्लच त्याच्या कक्षेत येत नाही. तो लागून राहिला आणि गाडी नीट चालत असेल तर गॅरेजपर्यंत जाता येते, तिथे स्कॅनर लावून साठवलेला कोड वाचतात. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीत तो लुकलुकत असेल तर बहुधा इंजिन मिस होत असते आणि न जळलेले इंधन तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात असते. तेव्हा लगेच रेस कमी करावी, आणि तरीही तो लुकलुकत राहिला तर गाडी थांबवावी.